तिसऱ्या आठवड्यात कमी करायचं

माझा व्यायाम कितीतरी वर्षं दोन आठवड्यांच्या पुढे गेला नाही. कधी जिम लावली, कधी सूर्यनमस्कार, कधी सकाळचं पळणं. प्रकार बदलत गेला, सुटायची वेळ तीच राहिली. आता तो टिकला आहे, आणि त्याचं श्रेय माझ्या मावसबहिणीला आहे. ती फिजिओथेरपिस्ट आहे. पेशंटना घरी करायचे व्यायाम सांगायचे आणि थोड्या दिवसांनी त्यांनी ते का सोडले हे विचारत बसायचं, हे तिचं रोजचं काम. तिने मला आठवड्याआठवड्याची छोटी उद्दिष्टं आखून दिली. ती काय होती, तशी का होती आणि करताना काय काय अडलं, ते सगळं लिहितो.

मी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत मशीन शॉपला आहे. वय चव्वेचाळीस. आमच्याकडे तीन शिफ्ट चालतात आणि दर आठवड्याला फिरतात. फर्स्ट सात ते साडेतीन, सेकंड साडेतीन ते रात्री बारा आणि नाइट बारा ते सकाळी सात. राहायला भोसरीत, येणंजाणं कंपनीच्या बसने.

बहिणीने पहिला प्रश्न विचारला तो असा : "दादा, सुटतं तेव्हा तुझी कुठली शिफ्ट असते?"

हे मी कधी पाहिलंच नव्हतं. पण विचार केल्यावर लगेच लक्षात आलं. सुरुवात मी नेहमी फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात करायचो, कारण दुपारी साडेचारला घरी पोचलं की संध्याकाळ मोकळी. पुढचा आठवडा सेकंडचा, तेव्हा सकाळ मोकळी, म्हणजे तोही निभायचा. तिसरा आठवडा नाइटचा. सकाळी आठला घरी, खाऊन झोप, दुपारी अर्धवट झोपेतून उठणं, आणि अंगात काही करायचं त्राण नाही. पहिल्या दिवशी राहिलं की दुसऱ्या दिवशी राहायचं, आणि त्या आठवड्याच्या शेवटी मी व्यायाम करणारा माणूस उरलेलोच नसायचो. पुढचा फर्स्टचा आठवडा आला तरी मग सुरुवात व्हायची नाही.

"तुझा तिसरा आठवडा कोरा आहे," ती म्हणाली. "पहिल्या दोन आठवड्यांत काय करायचं ते तू ठरवतोस. तिसऱ्यात काय करायचं, ते कधी ठरवलंच नाहीस."

माझी सगळी आखणी या एका वाक्यातून निघाली. जिथे हमखास सुटतं, तो आठवडा आधी आखायचा आणि तो मुद्दाम हलका आखायचा. बाकीचे आठवडे त्याच्या भोवती बसवायचे.

त्याआधी तिने मला अंगदुखीचं गणित समजावलं, ते मला सगळ्यात पटलं. आपण जोशात पहिल्याच दिवशी पन्नास बैठका मारतो. त्या दिवशी काही वाटत नाही. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, आणि खरी कळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लागते. बसच्या पायऱ्या उतरताना कठडा धरावा लागतो. बैठकीत खाली जाताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो. ज्याची सवय नाही अशा या कामामुळे स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, म्हणून उठण्यापेक्षा उतरण्याचं काम जास्त दुखवतं. ही कळ साधारण २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असते आणि मग उतरते.

पुढची गोष्ट मला ठाऊक नव्हती. तोच व्यायाम थोड्या दिवसांनी पुन्हा केला तर स्नायू आधीच सावरलेला असतो, त्यामुळे दुखणं बरंच कमी होतं. हे संरक्षण काही आठवडे, कधी त्याहूनही जास्त टिकतं, पण मोठा खंड पडला की हळूहळू जातं. याचा अर्थ असा, की जो माणूस दर वेळी दोन आठवडे करून दोन-तीन महिने थांबतो, तो व्यायामाचा सगळ्यात त्रासाचा भागच पुन्हा पुन्हा भोगतो. सोपा भाग सुरू होतो तेव्हा तो थांबलेला असतो. शिवाय व्यायाम म्हटलं की मनात जी आठवण असते ती त्या कळांचीच राहते.

म्हणून तिने पहिली अट घातली ती वरच्या मर्यादेची. मला वाटलं होतं, कमीत कमी किती करायचं ते सांगेल. तिने जास्तीत जास्त किती, ते सांगितलं. पहिल्या तीन आठवड्यांत पाच मिनिटांच्या वर जायचं नाही. कितीही उत्साह असला, वेळ असला, अंग मोकळं वाटलं तरी नाही. ही अट पाळणं मला व्यायामापेक्षा अवघड गेलं. पहिल्या सोमवारी तीन मिनिटांत काम संपलं, आणि एवढ्यासाठी काय ते, असं वाटून आणखी दहा बैठका माराव्यात असं फार मनात आलं. पण पहिल्या आठवड्याचं काम स्नायू वाढवणं नसतंच. ठरलेली खूण आली की अंग हलतं, एवढं शरीराला शिकवायचं असतं. त्यासाठी तीन मिनिटं पुरतात. दुखून बसलं तर तेही होत नाही.

आता त्या खुणेबद्दल. माझ्यासारख्या फिरत्या शिफ्टवाल्याला "रोज सकाळी सहाला" हे चालत नाही, कारण एका आठवड्यात सहाला मी बसमध्ये असतो, दुसऱ्यात झोपेत आणि तिसऱ्यात मशीनवर. घड्याळाला बांधलेली सवय शिफ्ट बदलली की तुटते. बहिणीने मला कागदावर तिन्ही शिफ्टचे पूर्ण दिवस लिहायला लावले. उठणं, चहा, डबा, बस, जेवण, आंघोळ, झोप, सगळं. मग तिन्ही कागद शेजारी ठेवून म्हणाली, "यात तिन्हीकडे असणारी आणि घरातच होणारी गोष्ट शोध."

सापडली ती आंघोळ. सेकंडला मी सकाळी आंघोळ करतो. नाइटला दुपारी उठल्यावर. फर्स्टला पहाटे घाईत उरकायचो, ती मी दुपारी घरी आल्यावर करायला लागलो. मशीनच्या तेलाचा वास अंगाला असतोच, त्यामुळे ती वेळ उलट बरी पडली. आणि आंघोळीच्या आधी असतं गीझरचं बटण. आमच्याकडे पंधरा लिटरचा गीझर आहे, पाणी तापायला दहा-बारा मिनिटं लागतात. तेवढा वेळ मी पूर्वी मोबाइल बघत बसायचो. नियम असा ठरला : गीझरचं बटण दाबलं की तिथेच, बाथरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये, व्यायाम. कपडे बदलायचे नाहीत, चटई अंथरायची नाही, बूट घालायचे नाहीत. यातली एकेक तयारी म्हणजे एकेक सबब, असं तिचं म्हणणं होतं आणि ते खरं निघालं.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांचा एक अभ्यास तिने मला सांगितला होता. तो २००९ साली समोर आला. त्यात ९६ जणांनी खाणं, पिणं किंवा व्यायाम यांतली एक छोटी गोष्ट निवडली आणि ती रोज एकाच खुणेला जोडून केली, म्हणजे न्याहरीनंतर, जेवणाआधी, अशी. ती गोष्ट आपोआप व्हायला किती दिवस लागतात ते मोजलं. सरासरी ६६ दिवस निघाले, पण माणसामाणसांत फरक प्रचंड होता. कोणाला १८, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब आला. पाणी पिण्यासारख्या गोष्टींपेक्षा व्यायामाला जास्त वेळ लागला. मी ते ऐकून १४ आणि १८ हे दोन आकडे शेजारी ठेवले. त्या अभ्यासातल्या सगळ्यात लवकर सवय लागलेल्या माणसालाही दोन आठवडे पुरले नव्हते. मी ज्या दिवशी सोडत होतो, त्या दिवशी ती सवय लागलेली असणं शक्यच नव्हतं.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त कामाची आहे. मधे एखादा दिवस चुकला तर सवय लागण्याच्या गतीवर फारसा परिणाम झाला नाही. म्हणून आमच्या आखणीत रोजचं उद्दिष्ट नव्हतंच, आठवड्याचं होतं. सात दिवसांपैकी अमुक दिवस. रोजची साखळी धरली की एक दिवस तुटला म्हणजे सगळं गेलं, असं मन सांगतं. आठवड्याचे चार दिवस ठरले असतील तर मंगळवार चुकला तरी बुधवारी हिशेब चालूच असतो.

पहिली फेरी अशी होती.

पहिला आठवडा, फर्स्ट शिफ्ट. सातातले चार दिवस. व्यायाम तीनच. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि सावकाश बसायचं, पाच वेळा. भिंतीला हात लावून जोर, पाच. भिंतीचा आधार घेऊन टाचा वर उचलायच्या, दहा. सगळं मिळून अडीच-तीन मिनिटं.

दुसरा आठवडा, सेकंड शिफ्ट. व्यायाम तेच, आकडे तेच, फक्त दिवस चाराचे पाच. इथे तिचा एक नियम आहे आणि तो मी अजून पाळतो : एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवायची. दिवस वाढवले तर आकडे तसेच ठेवायचे, आकडे वाढवले तर दिवस तसेच. दोन्ही एकदम वाढवले आणि आठवडा फसला, तर कशामुळे फसला ते कळत नाही.

तिसरा आठवडा, नाइट. तीन दिवस, आणि तेही निम्मं. उठबस तीन, जोर तीन, टाचा पाच. एका मिनिटाच्या आसपास काम. आणि व्यायाम दुपारी उठल्यावरच, सकाळी घरी आल्यावर नाही. नाइटहून आलेल्या माणसाची दिवसाची झोप आधीच तोकडी असते. "त्या आठवड्यात तुझं पहिलं काम झोप आहे, व्यायामाने तिच्यातली दहा मिनिटंसुद्धा घ्यायची नाहीत," असं तिने बजावलं होतं.

नाइटच्या त्या आठवड्यात एका दुपारी मी तीनच्या सुमारास उठलो, डोकं जड होतं. गीझरचं बटण दाबलं आणि खुर्चीकडे बघत उभा राहिलो. पूर्वी इथेच सुटायचं, कारण पूर्वी समोर अर्ध्या तासाचा व्यायाम असायचा आणि त्या अवस्थेत अर्धा तास डोंगराएवढा वाटतो. या वेळी तीन उठबशा होत्या. त्या झाल्या. मग भिंतीवरचे तीन जोर. पाणी तापायला अजून बराच वेळ होता, म्हणून टाचा उचलताना मी दिव्याकडे बघत राहिलो. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, झालं एवढ्यात?" हो, झालं होतं. तिसऱ्या आठवड्याचं उद्दिष्ट मी पहिल्यांदा पुरं केलं आणि त्यापुढच्या सोमवारी, फर्स्टला, नव्याने सुरुवात करावी लागली नाही. मला हाच फरक सर्वांत मोठा वाटतो. हलक्या आठवड्यात शरीराला फारसं काही मिळालं नसेल, पण पुढच्या सोमवारी मी आधीपासून व्यायाम करणारा माणूस होतो.

दुसऱ्या फेरीपासून एक शहाणपण आलं. मी प्रगती मागच्या आठवड्याशी ताडून बघत होतो आणि दर तिसऱ्या आठवड्यात खाली आल्यासारखं वाटत होतं. बहिणीने सांगितलं, फर्स्टची तुलना मागच्या फर्स्टशी कर, नाइटची मागच्या नाइटशी. मग चित्र स्वच्छ दिसायला लागलं. दुसऱ्या फेरीत फर्स्टला उठबस पाचाच्या आठ केल्या, सेकंडला त्याच ठेवून पाच दिवस, नाइटला तीन दिवस तसेच. तिसऱ्या फेरीत फर्स्टला चालणं जोडलं : घराच्या एक स्टॉप आधी बसमधून उतरायचं आणि दहा मिनिटं झपझप चालत यायचं. वेग किती, तर बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढा. चालण्याला आणखी वेगळी खूण शोधावी लागली नाही, बस होतीच. चौथ्या फेरीत भिंतीवरचे जोर ओट्यावर आले, म्हणजे हात स्वयंपाकघराच्या ओट्याच्या कडेवर. शरीर जितकं तिरकं, तितका भार जास्त. ओट्यावरचे दहा नीट झाले की मग पलंगाच्या कडेवर, आणि शेवटी जमिनीवर. नाइटचं उद्दिष्ट या सगळ्या काळात मी फक्त एकदा वाढवलं, तीन दिवसांचे चार केले.

चार फेऱ्यांनंतर माझा फर्स्टचा आठवडा म्हणजे पाच दिवस पंधरा मिनिटांचा व्यायाम आणि त्यातल्या तीन दिवशी चालणं, असा झाला. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम, अशी आहे. मी तेव्हा दीडशेच्या खालीच होतो. पण त्याच शिफारशीत, २०२० साली सुधारलेल्या, थोडी हालचालही काहीच नसण्यापेक्षा चांगली, असं स्पष्ट म्हटलं आहे. पूर्वी किमान दहा मिनिटं सलग असली तरच ती धरा, असं होतं. ती अटही आता नाही. दीडशेचा आकडा पहिल्या महिन्यात गाठायला गेलो असतो तर काय झालं असतं, ते मला माहीत आहे.

नोंद मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर करतो. ठरलेलं पूर्ण झालं तर तारखेला गोल, निम्मं झालं तर आडवी रेघ, नाही झालं तर काहीच नाही. चुकलेल्या दिवसाला फुली मारायची नाही, हे तिने मुद्दाम सांगितलं होतं. रविवारी रात्री गोल आणि रेघा मिळून मोजायच्या आणि उद्दिष्टाशी ताडायच्या. रेघेला गोलाइतकाच मान आहे, कारण खूण आली आणि अंग हललं, एवढंच सुरुवातीच्या महिन्यांत मोजायचं आहे. वजन मी मोजत नव्हतो. तिने तीन महिने काट्यावर उभं राहू नको म्हणून सांगितलं होतं, आणि ते बरंच झालं. नंतर पाहिलं तर काटा जवळपास तिथेच होता. एवढ्याशा व्यायामाने, जेवण तेच असताना, वजन हलत नाही. ज्याला वजनासाठीच करायचं आहे त्याने दोन आठवड्यांनी काट्याकडे बघितलं तर तो तिथेच सोडेल. मला फरक जाणवला तो वेगळ्या ठिकाणी. खालच्या रॅकमधून जॉब उचलताना मी पूर्वी मशीनला हात टेकून उठायचो, ते बंद झालं.

अडलं कुठे, तेही सांगायला हवं.

सगळ्यात मोठी अडचण मार्चच्या शेवटी आली आणि ती मला दिसायलाच उशीर लागला. उन्हाळा सुरू झाला आणि गीझर लावणं बंद झालं. टाकीतलंच पाणी कोमट यायला लागलं. खूणच गेली. त्या आठवड्यात कॅलेंडरवर एकच गोल होता आणि मला वाटलं, कंटाळा आला असेल. कॅलेंडर बघून बहीण म्हणाली, "कंटाळा आला असता तर हळूहळू कमी झालं असतं. हे एकदम थांबलं आहे. खुणेला काहीतरी झालंय." सवय हळूहळू विरळ होत गेली तर उद्दिष्ट जड झालंय असं समजावं, आणि एका ठिकाणी कापल्यासारखी थांबली तर खूण हरवली आहे असं समजावं. हा फरक ओळखता आला की निम्मं काम होतं. मग आम्ही खूण बदलली : टॉवेल बाथरूमच्या दाराच्या कडीला अडकवला की व्यायाम. टॉवेल बारा महिने लागतो. नवी खूण बसायला पुन्हा वेळ लागला, पण पहिल्याइतका नाही, कारण जागा तीच होती, खुर्ची तीच होती.

दुसरी अडचण उजव्या गुडघ्याची. उठबसचा आकडा पंधरावर गेल्यावर जिना उतरताना वाटीच्या खाली टोचायला लागलं. इथे दुखण्यातला फरक कळायला हवा. स्नायूंचं भरून येणं दोन्ही पायांत सारखं असतं, मांसल भागात असतं, थोडं हालल्यावर हलकं होतं आणि दोन-तीन दिवसांत जातं. सांध्यात, एकाच बाजूला, टोचणारं आणि करत गेलं की वाढणारं दुखणं वेगळं. त्याला थांबणं हाच उपाय. पण थांबायचं ते त्या एका व्यायामापुरतं. बहिणीने उठबस बंद करून त्याजागी पाठीवर झोपून कंबर उचलण्याचा व्यायाम दिला, बाकी सगळं चालू ठेवलं. नंतर उंच खुर्ची घेऊन पुन्हा पाचापासून सुरू केलं. दुखतंय म्हणून सगळंच बंद केलं असतं तर गुडघा बरा झाला असता आणि सवय गेली असती. छातीत दडपणं, चक्कर येणं, चार पावलांत धाप लागणं, यांतलं काही असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टर. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे, म्हणून मी सुरुवातीलाच आमच्या डॉक्टरांना विचारून घेतलं होतं.

तिसरी अडचण खंडाची. गणपतीत गावी गेलो, मग लागून ओव्हरटाइम आला, आणि आठवड्याहून जास्त दिवस काही झालं नाही. परत येताना भरपाई करावी असं वाटतंच. तिचा नियम असा : चार-पाच दिवसांचा खंड असेल तर जिथे होतो तिथूनच. आठवड्याच्या वर गेला तर एक पूर्ण फेरी मागे. महिन्याच्या वर गेला तर पुन्हा पाच उठबशांपासून, कारण तोवर स्नायूंना मिळालेलं संरक्षण उतरणीला लागलेलं असतं आणि जुन्या आकड्याने अंग धरेल. मी एक फेरी मागे गेलो. मागे जाणं हा आखणीतलाच भाग आहे, हे आधीच ठरलेलं असल्यामुळे त्याचं काही वाटलं नाही. उद्दिष्ट कधी कमी करायचं तेही ठरलेलं आहे. एका फेरीतल्या तीन आठवड्यांपैकी दोन फसले, तर पुढच्या फेरीत सगळे आकडे निम्मे. कारणं शोधत बसायचं नाही, आधी आकडे निम्मे करायचे.

आमच्या खात्यातल्या दोघातिघांनी हे ऐकून तसंच्या तसं उचललं आणि त्यातल्या एकाचं पुन्हा दोन आठवड्यांनी सुटलं. तो स्टोअर्समध्ये जनरल शिफ्टला आहे, त्याला नाइट नसतेच. माझा हलका आठवडा त्याच्या काहीच कामाचा नव्हता. आम्ही कँटीनमध्ये त्याच्या महिन्याचे आठवडे कागदावर लिहिले, तेव्हा त्याची जागा लगेच सापडली. महिन्याच्या शेवटी स्टॉक मोजणी असते, तेव्हा तो रात्री नऊ-दहापर्यंत कंपनीत असतो, आणि पंधरा तारखेच्या सुमारास उत्साहाने सुरू केलेलं सगळं तिथे जाऊन आदळतं. आंघोळ तो पहाटे करतो, त्यामुळे माझी खूणही त्याला जमत नव्हती. त्याची खूण आता दुपारच्या जेवणानंतरची आहे. डबा धुऊन पिशवीत ठेवला की स्टोअर्सच्या मागच्या रस्त्याने गेटपर्यंत चालत जाऊन परत, पाच-सहा मिनिटं. संध्याकाळी कितीही उशीर झाला तरी डबा धुवायचा राहत नाही. पहिल्या तीन आठवड्यांत सहा कामाच्या दिवसांपैकी चार, आणि मोजणीच्या आठवड्यात फक्त दोन, तेही अर्ध्या रस्त्यातून परत. त्याची पहिली मोजणी येत्या आठवड्यात आहे.